ऑफिससाठी कीबोर्ड घेताना: मेम्ब्रेन, सिझर की मेकॅनिकल?

आज कीबोर्डवर बोलायचं आहे. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतलं एक छोटं ऑफिस डोळ्यांसमोर ठेवू. पाच टेबलं, पाच कीबोर्ड, खर्च पाच हजारांच्या आत. दुकानदार तीन प्रकार पुढे ठेवतो. आपण काय उचलायचं?

आधी हे तिन्ही आतून कसे आहेत ते पाहू. मेम्ब्रेन कीबोर्डात सगळ्या बटणांखाली प्लॅस्टिकचे पातळ पत्रे असतात, त्यांवर छापलेल्या विजेच्या रेषा असतात आणि वर रबराच्या छोट्या टोप्या. बटण दाबलं की टोपी बसते, रेषा एकमेकींना टेकतात आणि अक्षर उमटतं. सिझर कीबोर्डातही सहसा हेच पत्रे आणि हेच रबर असतं. फरक एवढाच की बटणाखाली कात्रीसारखी दोन पाती बसवलेली असतात, म्हणून बटण कोपऱ्यावर दाबलं तरी सरळ खाली जातं. लॅपटॉपवर आपण बहुधा हेच वापरतो. म्हणजे सिझर महाग असला तरी आतून तो मेम्ब्रेनचाच भाऊ. वेगळा आहे तो मेकॅनिकल. त्यात प्रत्येक बटणाला स्वतःचा स्प्रिंगवाला स्विच असतो.

आता टिकण्याचा हिशोब करू. साध्या मेम्ब्रेनचं आयुष्य कंपन्या साधारण ५० लाख ते १ कोटी दाब सांगतात, मेकॅनिकलचं ५ कोटी किंवा जास्त. हा आकडा प्रत्येक बटणाचा, पूर्ण कीबोर्डाचा नव्हे. समजा, ऑफिसातली टायपिस्ट मिनिटाला ४० शब्दांनी रोज चार तास इंग्रजी पत्रं टाइप करते. एका शब्दाला पाच दाब धरले तर दिवसाला ४८ हजार. त्यातला साधारण सहावा भाग स्पेसबारचा, म्हणजे ८ हजार. वर्षाचे ३०० दिवस धरले तर एकट्या स्पेसबारवर २४ लाख दाब! ५० लाखांचा कीबोर्ड दोन वर्षांत दमणारच. पण गेटपास बनवणारा माणूस दिवसात तासभरच टाइप करतो. त्याला तोच कीबोर्ड आठ वर्षं पुरेल, आणि त्याआधीच बटणांवरची अक्षरं पुसली जातील.

मराठी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. काना, वेलांटी, मात्रा आणि पाय मोडण्याचं चिन्ह, हे सगळं डाव्या हाताला आहे. त्यामुळे `E`, `S`, `D`, `F` ही बटणं आधी झिजतात. जुना कीबोर्ड विकत घेताना तीच दाबून बघा.

कीबोर्ड बिघडतो कसा? आपल्याकडे मुख्यतः चहाने. साखरेचा चहा मेम्ब्रेनच्या पत्र्यांमध्ये गेला की रेषा खराब होते आणि तिच्यावरची अनेक बटणं एकदम बंद पडतात. एकच बटण अडत असेल तर बहुधा खाली कचरा आहे. पण एकदम चार-पाच गेली तर रेषाच गेली असं समजा, तो दुरुस्त करत बसू नका. मेकॅनिकलमध्ये एखादा स्विच गेला तर तेवढाच बदलता येतो. मात्र स्विच उपसून बदलण्याची सोय नसेल तर सोल्डरिंग करावं लागतं. सिझरची नाजूक पाती बटण उपटताना मोडतात. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यांत कापडाचा बारीक तंतू उडतो, तिथे सिझर साफ करणं म्हणूनच त्रासाचं.

बाजारात एक फसगत ठरलेली. रंगीत दिवे लावलेला, खोक्यावर 'मेकॅनिकल फील' लिहिलेला कीबोर्ड बहुतेक वेळा मेम्ब्रेनच असतो. दुकानदाराला विचारून एक बटण वर काढा. खाली रबर दिसलं तर मेम्ब्रेन, स्वतंत्र डबीसारखा स्विच दिसला तर मेकॅनिकल. स्विचचा रंगही बघून घ्या. निळा मुद्दाम टकटक वाजतो, एका खोलीत चार माणसं बसत असतील तर भांडणं व्हायची! ऑफिसला लाल किंवा तपकिरी बरा.

आता आपली खरेदी. पाचही सिझर हजाराच्या दराने घेतले तर पाच हजार संपले, आणि टायपिस्टला खाली तेच रबर. त्यापेक्षा तिला २५०० चा मेकॅनिकल द्या. बाकी चौघांना ५०० चे मेम्ब्रेन, त्याचे २०००. उरलेल्या ५०० त एक मेम्ब्रेन जादा घेऊन कपाटात ठेवा, चहा कधी सांडेल सांगता येत नाही. बिलं भरणाऱ्याच्या कीबोर्डाला उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग हवाच. स्वस्त छोट्या मेकॅनिकलमध्ये तो अनेकदा नसतो.

मग सिझर कोणी घ्यावा? बदलापूरहून घरी बसून काम करणाऱ्याने, ज्याचा हात लॅपटॉपला सरावलाय आणि टेबल उंच आहे. सिझर बसका असतो, मनगट कमी वर वाकतं. मेकॅनिकल उंच असतो, त्यामुळे टेबलही उंच असेल तर मनगट दुखू लागतं. म्हणून पैसे देण्याआधी दुकानात हात टेकवून दोन ओळी टाइप करून बघा.