श्वास अडला की थांबा

२०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास आमच्या योगवर्गात पहिल्यांदाच येणारी मंडळी बरीच असतात. हात वर करा म्हटलं की बहुतेकांचा श्वास नकळत रोखला जातो, जबडा आवळला जातो. शरीर आपल्या मर्यादेपलीकडे ओढलं जातंय, हे ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे. पुढची तीन आसनं करताना तिच्याकडेच लक्ष ठेवा.

पहिलं ताडासन. पावलांत थोडं अंतर ठेवून उभे राहा. श्वास घेत दोन्ही हात वर न्या आणि पाच संथ श्वास तिथे थांबा. हात वर नेताना कंबरेत बाक येऊन पोट पुढे आलं, तर हात थोडे खाली घ्या. टाचा उचलताना तोल जात असेल, तर भिंतीजवळ उभे राहा किंवा टाचा जमिनीवरच ठेवा.

दुसरं मार्जारासन. तळहात खांद्यांखाली आणि गुडघे नितंबांखाली ठेवून ओणवे व्हा. श्वास घेत पाठ खाली सोडा, छाती पुढे आणा. श्वास सोडत पाठ वर उचलून गोल करा, हनुवटी छातीकडे न्या. सहा आवर्तनं पुरेत. इथे श्वास पुढे आणि पाठ त्याच्या मागून, असा क्रम असतो. श्वास संपण्याआधीच पाठ वळून झाली, तर घाई होतेय असं समजा. गुडघे टोचत असतील, तर खाली घडी घातलेली चादर घ्या.

तिसरं भुजंगासन. पालथे झोपा, तळहात छातीच्या बाजूला आणि कोपरं अंगालगत ठेवा. श्वास घेत छाती उचला, बेंबी जमिनीलगतच राहू द्या. नव्याने आलेल्या एका काकूंनी हात ताठ करून छाती खूप वर नेली होती. कंबर दुखू लागली आणि श्वास तुटू लागला. मी त्यांना तळहात क्षणभर जमिनीवरून उचलायला सांगितलं, तशी छाती खाली आली. म्हणजे सगळा भार हातांवर होता, पाठ काम करतच नव्हती. छाती चार बोटं उचलून थांबल्यावर त्यांचा श्वास मोकळा झाला. गरोदर स्त्रियांनी, हर्निया असलेल्यांनी आणि पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी हे आसन करू नये.

शेवटी उताणे पडून दोन मिनिटं नाकाने श्वास घ्या. घेताना चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. मध्ये रोखू नका. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडण्याचा काळ थोडा जास्त ठेवायचा. सहापर्यंत मोजताना धाप लागली, तर पाचवर या.

जेवणानंतर तीन-चार तासांनी हा सराव करा. शेजारचा किती वाकतोय ते पाहू नका, आपला श्वास कसा चाललाय ते पाहा. तो अडला, की एक पाऊल मागे या.