रिफंड मंजूर झाला, पण खात्यात आलाच नाही? आधी नाव तपासा

ठाकुर्लीला राहणारा एक तरुण डिसेंबरमध्ये आमच्याकडे आला. हातात मोबाइल, चेहरा उतरलेला. म्हणाला, "चाचा, सप्टेंबरमध्ये रिटर्न भरलं. अठ्ठेचाळीस हजार परत यायचे होते. मित्रांचे आले, माझेच नाहीत. कल्याणच्या आयकर ऑफिसला जाऊ का?"

आम्ही त्याला म्हटलं, ऑफिस कुठे पळत नाही, आधी बस. रिफंड अडकला म्हणून कल्याण गाठणारे बरेच असतात आणि बहुतेक रिकाम्या हाताने परत येतात. कारण रिटर्नची तपासणी आणि रिफंड हे काम बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सीपीसीमध्ये, होतं. आपल्या वॉर्डाच्या अधिकाऱ्याकडे जायची वेळ कधी येते ते पुढे सांगतो. या मुलाचं काम तर ना बेंगळुरूला अडकलं होतं, ना कल्याणला. ते अडकलं होतं त्याच्या स्वतःच्या नावात.

त्याचा हिशेब साधा होता. एका कंपनीला तो अभियांत्रिकी सल्ला देतो, पगारदार नाही. आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये त्याला ४,८०,००० रुपये मिळाले आणि कंपनीने १० टक्के म्हणजे ४८,००० रुपये टीडीएस कापला. अशा व्यावसायिकांना कलम ४४एडीए खाली निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. म्हणजे उत्पन्न २,४०,००० रुपये. नव्या करप्रणालीत त्या वर्षी ३,००,००० रुपयांपर्यंत कर नव्हता, तेव्हा कापलेला सगळा पैसा परत मिळायला हवा. रिटर्न त्याने ९ सप्टेंबर २०२५ ला, मुदतीच्या आत भरलं आणि त्याच दिवशी आधारच्या ओटीपीने पडताळलंसुद्धा. ही पडताळणी ३० दिवसांत करावी लागते. कित्येक जण रिटर्न भरतात आणि हे विसरतात. मग रिटर्न तपासणीलाच जात नाही.

आता मुद्द्याचं. रिफंड उशिरा येतो तेव्हा दोन वेगळे प्रश्न विचारायचे असतात आणि लोक ते एकत्र करतात. पहिला, रिफंड मंजूर झाला का आणि किती? दुसरा, मंजूर झालेला पैसा ज्या खात्यात जायचा ते खातं तयार आहे का? पहिल्याचं उत्तर तपासणीच्या कागदात मिळतं, दुसऱ्याचं बँक खात्याच्या पानावर.

पहिला कागद आधी काढला. incometax.gov.in वर लॉगिन करून `e-File`, मग `Income Tax Returns`, मग `View Filed Returns` असं गेलं की त्या वर्षाच्या रिटर्नची अवस्था दिसते. त्याच्या रिटर्नपुढे तपासणी पूर्ण आणि रिफंड देय असं दिसत होतं. तिथूनच कलम १४३(१) ची सूचना, ज्याला सगळे इंटिमेशन म्हणतात, ती डाउनलोड होते. ती पीडीएफ कुलूपबंद असते. पासवर्ड म्हणजे आपला पॅन छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि लगेच पुढे जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष अशी आठ आकड्यांत, मध्ये जागा न सोडता. पोराने ती मेल ऑक्टोबरपासून उघडलीच नव्हती. "पासवर्ड मागते म्हणून सोडून दिली," म्हणाला.

या कागदात दोन रकाने शेजारी शेजारी असतात. एकात आपण रिटर्नमध्ये लिहिलेले आकडे, दुसऱ्यात सीपीसीने मोजलेले. बोट ठेवून ओळी जुळवत जायचं. उत्पन्नाची ओळ जुळली का, टीडीएसची जुळली का, शेवटी रिफंड तेवढाच निघाला का. टीडीएसच्या रकान्यात सीपीसीचा आकडा कमी दिसला, तर बहुतेक वेळा कापणाऱ्या कंपनीने टीडीएसचा तपशील नीट भरलेला नसतो. फॉर्म २६एएस उघडला की ते कळतं. तेव्हा आधी कंपनीच्या मागे लागून तो दुरुस्त करून घ्यायचा आणि मग पोर्टलवर `Services` मधल्या `Rectification` मधून कलम १५४ ची दुरुस्ती मागायची. तिथे बँकेत खेटे घालून काही होत नाही.

आमच्या या मुलाचे दोन्ही रकाने तंतोतंत जुळत होते. वर व्याजही लागलं होतं. कलम २४४ए प्रमाणे मुदतीत भरलेल्या रिटर्नवर टीडीएसच्या रिफंडला १ एप्रिलपासून महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं आणि अर्धवट महिना पूर्ण धरतात. सूचना १४ ऑक्टोबरची, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर सात महिने, साडेतीन टक्के, १,६८० रुपये. एकूण ४९,६८० रुपये मंजूर. पहिला प्रश्न मिटला.

(व्याजाबद्दल एक गोष्ट. ही रक्कम स्वतःसाठी न ठेवता देऊन टाकणारी घरं आपल्यात आहेत. तो ज्याचा त्याचा निर्णय. पण आयकराच्या हिशेबात ते आपलं उत्पन्नच असतं आणि ज्या वर्षी मिळालं त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. कुणाला दिलं, हे तिथे विचारत नाहीत.)

मग `My Profile` मधलं `My Bank Account` उघडलं. तिथे खातं जोडलेल्या यादीत नव्हतंच, ते अयशस्वी खात्यांच्या यादीत जाऊन पडलं होतं. रिटर्न भरून देणाऱ्याने त्याच दिवशी खातं नव्याने जोडलं होतं. तेव्हा तपासणी चालू असल्याचं दिसत होतं, म्हणजे `Validation in progress`. बँकेकडून उत्तर यायला दहा-बारा कामकाजाचे दिवस लागू शकतात. उत्तर आलं ते नकाराचं आणि ते बघायला कुणी परत त्या पानावर गेलं नाही. पैसा मंजूर झाला, निघाला, आणि खातं वैध नाही म्हणून अडला.

नकाराचं कारण होतं नाव. पॅनवर `MOHAMMED` पूर्ण, आडनाव आणि वडिलांचं नाव पूर्ण. बँकेत `MOHD`, वडिलांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर, आडनावाचं स्पेलिंगही वेगळं. हे वाचून कितीतरी घरांत कपाटातली पासबुकं बाहेर निघतील. आपल्या नावांचं हे असंच असतं. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरं, बँकेतल्या कारकुनाने ऐकून लिहिलेलं तिसरं. शेखचं स्पेलिंग एकाच घरात तीन तऱ्हेचं सापडतं. बायकांचं तर आणखी वेगळं. पॅन लग्नाआधीच्या नावाने, वडिलांच्या नावासह. खातं लग्नानंतर उघडलेलं, नवऱ्याच्या नावासह. दोन्ही माणूस एकच, पण संगणक ते मानत नाही.

आता बदलायचं काय, पॅन की बँक? आमचं मत असं की पॅन आणि आधार एकमेकांशी जुळत असतील तर पॅनला हात लावू नये, बँकेचं रेकॉर्ड पॅनप्रमाणे करून घ्यावं. कारण टीडीएस, रिटर्न सगळं पॅनवर चालतं. पॅनवरच नाव चुकलं असेल तर मात्र आधी पॅनची दुरुस्ती करावी. लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणींनी त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवावा.

मुलगा डोंबिवलीतल्या आपल्या बँकेच्या शाखेत गेला. पॅन, आधारच्या प्रती आणि केवायसी बदलण्याचा फॉर्म दिला. आठवड्याने नवीन पासबुक छापून मिळालं, नाव अगदी बरोबर. घरी येऊन पोर्टलवर अयशस्वी खात्यापुढचं `Re-Validate` दाबलं आणि पुन्हा नकार. यावेळी कारण निराळं, खात्याला पॅनच जोडलेला नाही. नाव बदललं, पॅनची प्रत फाइलला लावली, पण क्रमांक सिस्टीममध्ये चढवलाच नाही. परत लोकल, परत रांग. म्हणून शाखेत गेलात की काउंटरवरच विचारा, "पॅन सिस्टीममध्ये दिसतोय का? नाव कसं दिसतंय ते वाचून दाखवा." पासबुकावर विसंबू नका. बँकेचं विलीनीकरण झालं असेल तर आयएफएससी कोड नवा आहे ना, हेही तिथेच विचारून घ्या.

तिसऱ्या दिवशी खातं `Validated` झालं. इथेच थांबून चालत नाही. खात्यापुढे `Nominate for Refund` असं एक बटण असतं, ते चालू करायचं. आणि एकदा फसलेला रिफंड खातं दुरुस्त केल्याने आपोआप परत येईल असं धरून बसू नये, तो मागून घ्यावा. `Services` मध्ये `Refund Reissue`, त्यात नवी विनंती, फसलेली नोंद निवडायची, वैध खातं निवडायचं, आधारच्या ओटीपीने पडताळायचं. ही विनंती त्याने ५ जानेवारीला केली. २२ जानेवारीला फोन आला, "चाचा, आले!" रक्कम तीच, ४९,६८० रुपये. ऑक्टोबरनंतरचं व्याज मिळालं नाही. उशीर करदात्यामुळे झाला असेल तर तेवढा काळ कायदा व्याजातून वगळतो.

दुसऱ्याच्या खात्यात रिफंड घेता येईल का, असं बरेच अब्बा-अम्मी विचारतात, कारण स्वतःचं खातं बंद पडलेलं असतं. मुलाच्या खात्यात येणार नाही. खातं त्याच करदात्याच्या पॅनशी जोडलेलं हवं. तसंच पॅन आधारशी न जोडल्यामुळे निष्क्रिय झाला असेल तर रिफंडही मिळत नाही आणि त्या काळाचं व्याजही नाही. १,००० रुपये शुल्क भरून आधी तो जोडून घ्यावा.

आता कल्याणच्या ऑफिसचं. एखाद्या जुन्या वर्षाची थकबाकी तुमच्या नावावर दिसत असेल तर कलम २४५ खाली विभाग रिफंड त्यात वळता करू शकतो. त्याआधी सूचना येते आणि उत्तराला २१ दिवस मिळतात. `Pending Actions` मधल्या `Response to Outstanding Demand` मध्ये जाऊन मान्य की अमान्य ते कारणासह लिहायचं. गप्प बसलात तर मान्य आहे असं धरून पैसे वळते होतात. ती थकबाकी चुकीची असेल आणि तिचं रेकॉर्ड वॉर्डाच्या अधिकाऱ्याकडे असेल, तेव्हा मात्र कागद घेऊन प्रत्यक्ष जावं. आपला अधिकारी कोण, हे पोर्टलवर `Know Your AO` मध्ये पॅन टाकून कळतं.

आणि तपासणीच झाली नसेल तर? सप्टेंबर २०२५ मध्ये भरलेल्या रिटर्नची सूचना पाठवायला विभागाला कायद्याने ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे. तोवर फार तर `Grievances` मध्ये सीपीसीच्या नावे तक्रार नोंदवता येते. तिचा पोचक्रमांक लिहून ठेवा, पुढच्या तक्रारीत तो द्यावा लागतो. या काळात "तुमचा रिफंड मंजूर, खातं पक्कं करण्यासाठी इथे दाबा" असा मेसेज आला तर तो दाबू नका. खातं पक्कं करण्याची जागा पोर्टलवरचं `My Bank Account` एवढीच आहे.