पाठीला पाठ लावून घेतलेलं माप

कंपनांची लेखमाला : लेखांक ६

मागच्या लेखात स्फटिकावर दाब आला की वीज कशी निर्माण होते, ते आपण पाहिलं. त्या विजेवरून त्वरण किती हे कसं ठरवायचं, हा आजचा विषय. शिक्रापूर चौकातून सणसवाडीकडे, रांजणगावकडे किंवा चाकण रस्त्याला लागलं की कारखान्यांची रांग सुरू होते. त्यातल्या कुठल्याही ब्लोअरच्या किंवा मोटरच्या बेअरिंगवर बोटाच्या पेराएवढा एक अ‍ॅक्सेलरोमीटर बसवलेला असू शकतो. मेंटेनन्सचा माणूस पडद्यावर आकडा बघतो आणि मशीन चालू ठेवायचं की थांबवायचं ते ठरवतो. पण सेन्सर प्रत्यक्षात देतो ते फक्त मिलिव्होल्ट. एका एककाच्या त्वरणाला किती मिलिव्होल्ट, म्हणजेच सेन्सरची सेन्सिटिव्हिटी, हे ठाऊक नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

ही सेन्सिटिव्हिटी काढण्याची रोजच्या वापरातली पद्धत म्हणजे बॅक टू बॅक कॅलिब्रेशन. त्यासाठी लागणारा शेकर हे लाउडस्पीकरच्याच तत्त्वावर चालणारं यंत्र आहे. चुंबकाच्या फटीत कॉइल असते, तिच्यातून साइन लाटेचा प्रवाह सोडला की वरचं टेबल वरखाली हलतं. या टेबलावर आधी एक संदर्भ अ‍ॅक्सेलरोमीटर घट्ट बसवतात. त्याच्या माथ्यावर आटे पाडलेलं भोक असतं. तपासायचा सेन्सर स्टडने त्यावर कसतात. आता दोघांची पाठ एकमेकांना टेकली, आणि टेबल जसं हलेल तसे दोघंही हलणार. पद्धतीचं सगळं बळ इथे आहे. शेकर नेमका किती हलतोय हे स्वतंत्रपणे मोजावं लागत नाही, कारण संदर्भ सेन्सर तेच सांगत असतो. ही तुलनेची रीत ISO 16063-21 या मानकात दिलेली आहे. संदर्भ सेन्सरचा स्वतःचा आकडा मात्र वरच्या पायरीवरून येतो. सर्वात वर लेझर इंटरफेरोमीटरने हालचाल थेट प्रकाशाच्या तरंगलांबीत मोजतात, आणि आपल्या देशाची राष्ट्रीय मानकं नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे असतात.

आता एक उदाहरण आकड्यांसकट सोडवू. ब्लोअरवरून काढलेला सेन्सर आहे, अंगावर 100 mV/g असं छापलेलं. संदर्भ सेन्सरची त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरसकट सेन्सिटिव्हिटी, सर्टिफिकेटप्रमाणे, दर मीटर प्रति सेकंद वर्गाला 10.12 मिलिव्होल्ट. शेकर 160 हर्ट्झवर लावायचा. ही वारंवारता उगाच निवडलेली नाही. आपल्या विजेची गुणगुण 50, 100, 150 हर्ट्झवर असते, त्या जागा टाळायच्याच. शिवाय 160 हर्ट्झला कोनीय वारंवारता जवळजवळ 1000 रेडियन प्रति सेकंद येते, त्यामुळे 10 मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण म्हणजे 10 मिलिमीटर प्रति सेकंद वेग आणि 10 मायक्रॉन विस्थापन, असा तोंडी पडताळा घेता येतो. टेबल एवढं थोडं हलतं की डोळ्यांना ते स्थिरच वाटतं.

संदर्भाच्या चॅनेलवर 101.2 मिलिव्होल्ट आरएमएस दिसले. 101.2 ला 10.12 ने भागलं की त्वरण 10.00. त्याच क्षणी तपासायच्या सेन्सरवर 103.7 मिलिव्होल्ट आरएमएस. सूत्र एवढंच :

S = Sr × V / Vr = 10.12 × 103.7 / 101.2 = 10.37 mV/(m/s²)

याला 9.80665 ने गुणलं की 101.7 mV/g. छापील आकड्यापेक्षा पावणेदोन टक्क्यांच्या आसपास जास्त. एक गोष्ट इथे नीट बघून घ्या : सूत्रात दोन व्होल्टेजचं गुणोत्तर आहे. त्यामुळे दोन्ही आरएमएसमध्ये वाचा किंवा दोन्ही पीकमध्ये, उत्तर तेच. एक आरएमएसमध्ये आणि दुसरं पीकमध्ये वाचलं तर मात्र उत्तर 1.414 पटीने चुकेल. आणि दोन चॅनेलचा गेन थोडा वेगळा असेल तर तो फरक सरळ सेन्सरच्या माथी बसतो. उपाय सोपा आहे. एकच सिग्नल दोन्ही चॅनेलना देऊन गुणोत्तर एक येतं का ते आधी पाहायचं.

माझ्या मते सर्वात घातक चूक शेकरपाशी होत नाही, ती सर्टिफिकेटवरचा आकडा अ‍ॅनालायझरमध्ये भरताना होते. सर्टिफिकेटवर अनेकदा दोन्ही एककं छापलेली असतात, 101.7 mV/g आणि 10.37 mV/(m/s²). mV/g च्या चौकटीत 10.37 भरलं तर पडदा खऱ्याच्या 9.8 पट कंपन दाखवेल. अर्ध्या जीचं ब्लोअर 4.9 जी दाखवेल आणि कुणीतरी घाईने मशीन बंद करेल. तो तोटा निदान दिसतो तरी. उलट चूक झाली, म्हणजे mV/(m/s²) च्या चौकटीत 101.7 गेलं, तर कंपन खऱ्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास दिसेल, आणि तुटायला आलेलं बेअरिंग निवांत चालू राहील. म्हणून आकडा भरल्यावर त्याचं एकक मोठ्याने वाचावं, आणि ज्या मशीनचं कंपन पूर्वीपासून माहीत आहे त्याच्यावर सेन्सर एकदा लावून बघावा.

एवढं सगळं 160 हर्ट्झपुरतं झालं. बेअरिंगचे दोष मात्र हजारो हर्ट्झवर बोलतात, म्हणून शेकर पुढे 5000 हर्ट्झपर्यंत आणि गरजेप्रमाणे वरही नेतात. इथे बसवणीचा दर्जा उघडा पडतो. स्टडवर बसवलेल्या सेन्सरला स्वतःचा अनुनाद असतो, आणि त्याच्याकडे जाताना सेन्सिटिव्हिटी साधारण 1/(1 − (f/fn)²) या प्रमाणात वाढत जाते. अनुनाद 30 किलोहर्ट्झला असेल तर 5 किलोहर्ट्झवर वाढ तीन टक्क्यांच्या आत राहते. पण दोघांच्या मध्ये लोखंडाचा एक कीस राहिला, किंवा स्टड इतका लांब की तो तळाला टेकला आणि पृष्ठभाग मिळालेच नाहीत, तर सांधा मऊ होतो. अनुनाद 15 किलोहर्ट्झवर उतरला तर त्याच 5 किलोहर्ट्झवर वाढ साडेबारा टक्के होते. 160 हर्ट्झचा आकडा तेवढ्यात अगदी बरोबर दिसत राहतो, कारण तिथे हा परिणाम नगण्य असतो. फसगत इथेच होते.

ओळखायचं कसं? सेन्सर काढून पृष्ठभाग पुसा, ग्रीसचा पातळ थर द्या, टॉर्क रेंचने उत्पादकाने सांगितलेल्या टॉर्कवर कसा, केबल टेबलाजवळ टेपने धरून ठेवा आणि पुन्हा मोजा. वरच्या वारंवारतांचा वक्र बदलला तर दोष सांध्यात होता. दोन-तीनदा बसवूनही वक्र तसाच आला तर तो सेन्सरचा स्वभाव आहे. सेन्सर फार जड असेल तर संदर्भ सेन्सरचाही वरचा प्रतिसाद बदलतो, त्याची दुरुस्ती त्याच्या सर्टिफिकेटात पाहावी लागते. खालच्या टोकाला अडचण वेगळी. तेच 10 मीटर प्रति सेकंद वर्ग 10 हर्ट्झवर हवं असेल तर टेबलाला वरखाली सात मिलिमीटरहून अधिक जावं लागतं, आणि लहान शेकरचा स्ट्रोक तिथे संपतो. म्हणून खाली त्वरण कमी ठेवून मोजतात.

आणखी एक मर्यादा सांगायला हवी. हे सगळं माप स्टडवर बसवलेल्या सेन्सरचं आहे. तोच सेन्सर मेंटेनन्सच्या फेरीत चुंबकावर बसवून बेअरिंगला चिकटवला की अनुनाद बराच खाली येतो, आणि प्रयोगशाळेतला वरचा वक्र त्याला लागू राहत नाही. 160 हर्ट्झची सेन्सिटिव्हिटी मात्र तशीच वापरता येते. चुंबक, मेण आणि हातात धरायचा प्रोब यांनी वरची मर्यादा नेमकी कुठे येते, हे पुढच्या लेखात.