बोलणं संपलं, हे यंत्राला कसं कळतं?

दोन माणसांच्या बोलण्यात एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत साधारण 200 मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. दहा भाषांच्या एका अभ्यासात 2009 मध्ये हे दिसून आलं. बोलणारा चॅटबॉट बनवताना खरी झुंज असते ती या एवढ्याशा वेळाशी.

अशा चॅटबॉटमध्ये सहसा तीन यंत्रणा काम करतात. एक ऐकलेलं लिहून काढते, दुसरी म्हणजे भाषा-मॉडेल उत्तर रचतं आणि तिसरी ते बोलून दाखवते. समजा, प्रवाशाने विचारलं, "पुण्याहून नाशिकला पहिली गाडी किती वाजता आहे?" प्रत्येक यंत्रणा आधीच्या यंत्रणेचं काम पुरतं आटोपेपर्यंत थांबली, तर उत्तर ऐकू यायला चार-पाच सेकंद सहज लागतात. तेवढ्यात प्रवासी "हॅलो, हॅलो" करू लागतो.

उपाय म्हणजे कामं एकमेकांवर चढवायची. प्रवासी बोलत असतानाच लेखन सुरू ठेवायचं आणि उत्तराचं पहिलं वाक्य तयार होताच ते बोलायला द्यायचं; पुढची वाक्यं मागून येत राहतात. इथे एक खोच आहे. पूर्णविराम दिसला की वाक्य तोडायचं, एवढाच नियम लावला तर "रु. 450" किंवा "सकाळी 6.30" यांचेही दोन तुकडे होतात आणि आवाज मध्येच अडखळतो. म्हणून आकडे आणि संक्षेप आधी अक्षरी करून घ्यावे लागतात: "साडेसहा वाजता".

एवढं केलं तरी एक वेळ उरतोच, आणि बहुतेकांचं लक्ष तिकडे जात नाही. बोलणं संपलं हे ठरवायला यंत्र शांततेची वाट बघतं, समजा 700 मिलिसेकंद. ही वाट कमी केली तर "पुण्याहून... नाशिकला..." असं आठवत बोलणाऱ्याला यंत्र मध्येच तोडतं. वाढवली तर प्रत्येक उत्तर रेंगाळतं. माझ्या मते इथे शांततेबरोबर शब्दही पाहायला हवेत. मराठीत क्रियापद सहसा शेवटी येतं. "आहे का?" ऐकू आलं की वाक्य बहुधा पुरं झालेलं असतं, तेव्हा 300 मिलिसेकंद पुरतात, "नाशिकला" वर थांबलेल्याला मात्र सेकंदभर द्यावा. लेखन चुकलं, तर हा अंदाजही चुकतो.

प्रवाशाने मध्येच तोडलं, तर आवाज ताबडतोब बंद करायचा आणि संभाषणाच्या नोंदीत प्रत्यक्ष ऐकवलं गेलं तेवढंच ठेवायचं. नाहीतर न ऐकवलेली गाडीची वेळ सांगून झाली, असं मॉडेल धरून चालतं.

असा बॉट तपासताना सरासरीवर समाधान मानू नका. प्रवाशाचा शेवटचा शब्द ते उत्तराचा पहिला आवाज एवढा वेळ प्रत्येक कॉलमागे नोंदवा, आणि सर्वात रेंगाळलेले कॉल स्वतः कानांनी ऐका.