मोरी गुडगुडते तेव्हा...

मैत्रिणींनो, न्हाणीघरात बादली उपडी केली की शेजारच्या संडासात गुडगुड ऐकू येते का? एकच मोरी तुंबली, तर दोष बहुधा जाळीतल्या केसांचा. पण दोन-तीन ठिकाणचे पाणी एकदमच सावकाश उतरू लागले, तर जमिनीखालच्या पाइपाकडे बघायला हवे.

नागपुरात जुन्या घराच्या अंगणात कडुनिंब नाहीतर उंबर असतोच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या हालचालीने चिनी मातीच्या जुन्या पाइपांचे सिमेंटचे सांधे चिरतात. ओलीच्या मागावरचे केसासारखे मूळ चिरेतून आत शिरते, त्याचा झुबका होतो आणि त्यात साबण-तेलाचा चिकटा अडकतो.

खात्री अशी करा. अंगणातल्या दोन्ही चेंबरांची झाकणे काढवा, मात्र आत वाकू नका, विषारी वायू असतो. मग मोरीत दोन बादल्या ओता. घराजवळचे चेंबर भरले नि पुढचे कोरडेच राहिले, तर अडथळा त्या दोहोंमध्येच!

अ‍ॅसिडने मूळ हटत नाही, आणि नुसते कापले तर पुन्हा फुटते. चिरलेला तुकडा खणून तिथे घट्ट सांध्याचा पीव्हीसी पाइप बसवला, तरच कटकट मिटते.