डबा गळतो कुठे?

ऑनलाइन यादीत ‘१०० टक्के लीकप्रूफ, ६०० मिली’ असं वाचून मी डबा मागवला. आधी तो वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी भरलं. एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिली, त्यामुळे हिशेब सोपा. भरलं ५९० ग्रॅम. पण झाकणाची कड आत उतरते, तेवढी जागा सोडली तर आमटी जेमतेम ५०० मिली मावते. यादीतला आकडा बहुधा काठोकाठचाच असतो.

मग डबा रुमालावर उलटा ठेवला. अर्ध्या तासानंतरही रुमाल कोरडा! दुसऱ्या दिवशी त्यातच वाफाळती आमटी भरली, तर पिशवी पिवळी. डब्यातली कोंडलेली हवा उष्णतेने फुगते आणि आमटीला झाकणाच्या सिलिकॉन रिंगमधून बाहेर ढकलते. म्हणून वाफ जाऊ द्या, मग झाकण लावा. रिंग काढून धुवा. खाचेत शिताचा एखादा कण अडकला तरी गळती सुरू होते.

बुडाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर तो पॉलिप्रॉपिलीन, डब्यांसाठी नेहमीचं प्लास्टिक. पण केवळ त्या आकड्यावर डबा मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, तशी वेगळी खूण हवी. झाकण काढून किंवा सैल ठेवूनच गरम करा. बाहेरून प्लास्टिक आणि आतून स्टील असलेला डबा मात्र मायक्रोवेव्हमध्ये ठेवूच नका.

आणि परतीची मुदत संपण्याआधी एकदा कोमट पाणी भरून उलटा करून बघाच.