‘पारंपरिक’ या नोंदीमागे हरवणारा संगीतकार

पूर्वी ध्वनिमुद्रित झालेले गाणे दुसऱ्या गायकाने नव्याने गाऊन प्रसिद्ध केले, की त्या नव्या ध्वनिमुद्रणाला ‘कव्हर’ म्हणतात, आणि त्यासोबत जोडल्या जाणाऱ्या शीर्षक, गायक, गीतकार, संगीतकार, निर्माता इत्यादी तपशिलांना मेटाडेटा म्हणतात. मराठी भक्तिगीतांच्या कव्हरमध्ये या नोंदी भरताना सर्वाधिक गफलत संगीतकाराच्या रकान्यात होते, कारण शब्द संतांचे असले की चालही परंपरेनेच चालत आली असावी, असे सहज गृहीत धरले जाते.

‘मोगरा फुलला’ हे याचे ठळक उदाहरण आहे. शब्द संत ज्ञानेश्वरांचे असल्यामुळे त्यांवर आज कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. परंतु लता मंगेशकरांच्या आवाजात घरोघरी पोहोचलेली चाल हृदयनाथ मंगेशकर यांची आहे, आणि भारतीय कायद्यानुसार संगीतरचनेवरील हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे टिकतो. म्हणून नवी गायिका हीच चाल गाणार असेल, तर संगीतकाराच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहिणे ही केवळ ढिलाई ठरत नाही. ‘या चालीला मालक नाही’ असे ते विधान असते, आणि मानधनाचे वाटप नोंदी पाहूनच होत असल्याने संगीतकाराच्या वाट्याची रक्कम त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच त्यामुळे बंद होऊ शकतो. तेच शब्द एखाद्या गायिकेने स्वतःच्या स्वतंत्र चालीत गायले, तर मात्र संगीतकार म्हणून तिचेच नाव यायला हवे.

चाल तीच ठेवून बासरीचे नवे तुकडे घातले, ठेका बदलला किंवा वाद्यमेळ नव्याने बांधला, तर ते काम संगीत संयोजनाचे असते. त्याचे श्रेय संयोजकाला स्वतंत्र रकान्यात द्यावे. त्याला संगीतकाराच्या शेजारी सहसंगीतकार म्हणून बसवणे अयोग्य आहे. एमपी3 फाइलमध्ये लिहिल्या जाणाऱ्या आयडी3 खुणांच्या भाषेत अशा कव्हरची मूळ नोंद पुढीलप्रमाणे होईल:

```
TIT2  मोगरा फुलला
TPE1  <नव्या गायिकेचे नाव>
TEXT  संत ज्ञानेश्वर
TCOM  हृदयनाथ मंगेशकर
TSRC  <नव्या ध्वनिमुद्रणाचा ISRC>
```

यातील पहिली ओळ शीर्षकाची, दुसरी गायिकेची, तिसरी गीतकाराची आणि चौथी संगीतकाराची आहे. शेवटच्या ओळीतील आयएसआरसी हा 12 अक्षरांचा व अंकांचा क्रमांक एका विशिष्ट ध्वनिमुद्रणाची ओळख असतो, त्यामुळे कव्हरसाठी तो नवाच घ्यावा लागतो. मूळ ध्वनिमुद्रणाचा क्रमांक उतरवून घेतला, तर दोन वेगळी ध्वनिमुद्रणे एकच समजली जाऊन ऐकणाऱ्यांची मोजणी आणि मिळकत यांची सरमिसळ होते. याउलट ‘टी’ या अक्षराने सुरू होणारा आयएसडब्ल्यूसी हा क्रमांक संगीतरचनेचा असतो, आणि रचना तीच असल्याने कव्हरलाही तोच लागू पडतो.

मूळ गायिकेच्या नावाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आयडी3 मध्ये मूळ कलाकारासाठी `TOPE` ही वेगळी खूण आहे, आणि ती कव्हरसारख्या प्रसंगासाठीच योजलेली आहे; पण तेच नाव मुख्य गायिकेच्या रकान्यात किंवा शीर्षकात गेले, की गाणे शोधणाऱ्या श्रोत्याला आपण मूळ ध्वनिमुद्रणच ऐकणार आहोत असे वाटते. 2012 च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात आलेले कलम 31सी याबाबत स्पष्ट आहे. या कलमाच्या आधारे कव्हर करणाऱ्याने पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे थांबावे, आगाऊ सूचना व मानधन द्यावे, वेष्टणावर आधीच्या गायकाचे नाव किंवा चित्र वापरू नये आणि हे या कलमाखाली केलेले कव्हर आहे असे तेथे नमूद करावे, अशी त्याची अपेक्षा आहे. कायद्याची भाषा वेष्टणाची आणि लेबलाची असली, तरी पडद्यावर दिसणारे मुखचित्र आणि शीर्षक ही त्यांचीच आजची रूपे मानणे प्रामाणिकपणाचे आहे. लतादीदींचे छायाचित्र लावून आदरांजली वाहिली जात असल्याचा युक्तिवाद येथे टिकत नाही. हक्कधारकाकडून थेट परवाना घेतला असेल, तर नावाच्या वापराच्या अटी त्या करारातून वाचाव्या लागतात. योग्य श्रेय देणे म्हणजे परवानगी मिळवणे नव्हे, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

निर्मात्याच्या ℗ या चिन्हापुढे नव्या ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे नाव आणि वर्ष येते, व त्यातून चालीवर कोणताही दावा होत नाही. अर्ज भरताना ‘स्वतःची रचना’ हा पर्याय निवडला गेला, तर मात्र तो दावा होतो. संगीतकाराचे नाव चुकल्याचे नंतर लक्षात आल्यास आयएसआरसी बदलण्याची गरज नसते, कारण ध्वनिमुद्रण तेच असते. वितरकाकडे दुरुस्त तपशील पाठवावा लागतो. श्रोत्यांनी आधीच उतरवून घेतलेल्या फाइलींमध्ये मात्र जुनी नोंद तशीच राहते, म्हणून संगीतकाराचा रकाना गाणे प्रसिद्ध होण्यापूर्वीच, मूळ ध्वनिमुद्रणाच्या श्रेयनामावलीशी अक्षरशः ताडून पाहावा लागतो.